शतमान स्तंभालेखाची कुळकथा

शाळेच्या गणितात विभाजित स्तंभालेखाच्या पाठोपाठ शतमान स्तंभालेख शिकवतात, आणि मुलं त्याला त्याच कृतीची पुढची पायरी समजतात. खरं तर दोन्ही आलेख वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ‘किती?’ हा पहिल्याचा प्रश्न आणि ‘एकूणातला वाटा किती?’ हा दुसऱ्याचा. या दुसऱ्या प्रश्नाला स्वतःचं चित्र मिळायला बराच काळ लागला.

स्तंभालेखाचा जनक विल्यम प्लेफेअर. १७८६ साली त्याने स्कॉटलंडचा सतरा ठिकाणांशी असलेला आयात-निर्यात व्यापार आडव्या पट्ट्यांनी दाखवला. जितकी रक्कम, तितकी पट्ट्याची लांबी. पुढे अशाच पट्ट्यांचे आतून भाग पाडायची पद्धत रुळली आणि तिथेच अडचण उभी राहिली. दोन पट्ट्यांच्या एकूण लांब्या वेगळ्या असतील, तर आतल्या तुकड्यांची तुलना करताना डोळा फसतो. मोठ्या पट्ट्यातला लहान वाटाही लहान पट्ट्यातल्या मोठ्या वाट्यापेक्षा लांब दिसू शकतो.

अमेरिकेच्या १८७० च्या जनगणनेवरचा नकाशासंग्रह फ्रान्सिस वॉकरने १८७४ साली काढला, तेव्हा त्याने यावर एक तोड शोधली. प्रत्येक राज्यासाठी लोकसंख्येच्या प्रमाणात लहान-मोठा चौरस घ्यायचा आणि त्यातच गोरे, काळे, परदेशात जन्मलेले असे भाग पाडायचे. चौरसाचा आकार एकूण सांगतो, आतले भाग वाटे सांगतात. कल्पना देखणी आहे, पण दोन वेगळ्या आकारांच्या चौरसांतले वाटे नजरेने जुळवणं अवघडच राहतं.

वाट्यांचा हिशेब त्याआधीच आकड्यांत मांडला गेला होता. सॅक्सनीच्या सांख्यिकी कार्यालयाचा प्रमुख अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली कुटुंबांच्या खर्चाची टक्केवारी काढली. मजूर कुटुंब अन्नावर ६२ टक्के खर्च करतं, मध्यम स्थितीतलं ५५, तर सुस्थितीतलं ५०. कुटुंब जितकं गरीब, तितका अन्नाचा वाटा मोठा, हा नियम आजही एंगेलच्याच नावाने ओळखला जातो. टक्केवारी काढल्याशिवाय तो दिसलाच नसता, कारण श्रीमंत कुटुंब अन्नावर जास्तच पैसे घालवतं.

हाच प्रश्न चित्रात कसा उतरतो, याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण १९०० सालचं आहे. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जीवनावर एक दालन होतं. त्यासाठी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस आणि अटलांटा विद्यापीठातले त्यांचे विद्यार्थी यांनी साठेक तक्ते हाताने रंगवले. त्यांतल्या एका तक्त्यात अटलांटातल्या दीडशे कृष्णवर्णीय कुटुंबांचं उत्पन्न आणि खर्च आहे. उत्पन्नाचे सात गट, म्हणजे सात आडवे पट्टे, आणि सगळे सारख्याच लांबीचे. बहुतेकांत डावीकडून क्रमाने भाडं, अन्न, कपडे, कर आणि शेवटी इतर खर्च व बचत.

हे पट्टे डॉलरच्या मापाने काढले असते तर काय झालं असतं? सर्वांत खालच्या गटाचं सरासरी उत्पन्न १३९.१० डॉलर, सर्वांत वरच्याचं १,१२५. पंचवीस डॉलरला एक सेंटिमीटर असं माप धरलं, तर वरच्या गटाचा पट्टा ४५ सेंटिमीटरचा आणि गरिबांचा जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचा. गरिबांचा अन्नाचा तुकडा सुमारे २.४ सेंटिमीटर, श्रीमंतांचा १३. पाहणाऱ्याला वाटलं असतं, श्रीमंतच खाण्यावर उधळतात. सगळे पट्टे ४५ सेंटिमीटरचे केले, की श्रीमंतांचा अन्नाचा तुकडा १३ सेंटिमीटरच राहतो, पण गरिबांचा १९ च्या वर जातो. ४३ टक्के आणि २९ टक्के यांतला फरक आता समोर आला. दुसऱ्या टोकाला इतर खर्च व बचतीचा भाग पाहा. गरीब गटात तो ०.१ टक्का आहे, म्हणजे वर्षाचे चौदा सेंट. वरच्या गटात ५०.५ टक्के.

द्यू बॉइस यांच्या तक्त्यात भागांचा क्रमही मोलाचा आहे. अशा पट्ट्यात फक्त डाव्या आणि उजव्या कडेचे तुकडे एका रेषेत सुरू होतात किंवा संपतात, म्हणून तेवढेच नीट तोलता येतात. मधले तुकडे तरंगत राहतात. इथे बहुतेक पट्ट्यांत डाव्या कडेला भाडं आहे, उजव्या कडेला इतर खर्च व बचत. गरिबीचा सगळ्यात ठळक फरक ज्या भागात आहे, तो बरोबर कडेला आला आहे.

मात्र शंभरावर आणण्याची एक किंमत असते आणि ती याच तक्त्यात दिसते. वर जाताना अन्नाचा वाटा ४७, ४३, ३७, ३१ असा उतरत येतो आणि ७५० ते १,००० डॉलरच्या गटात एकदम ३७ वर चढतो. हे लोक अचानक खवय्ये झाले का? नाही. या गटाच्या पट्ट्यात भाड्याचा भागच नाही. घरं बहुधा स्वतःची असावीत. आधीच्या गटात भाड्याचे १३ टक्के होते. एक वाटा गेला की उरलेले फुगणारच, कारण बेरीज शंभरच राहायला हवी. आधीच्या गटातून भाडं वगळून हिशेब केला, तर ८७ पैकी ३१ म्हणजे ३५.६ टक्के येतात. चढ जवळजवळ नाहीसा झाला. एखादा वाटा वाढलेला दिसला, की दुसरा कुठला घटला ते आधी पाहावं.

दुसरं नुकसान एकूण रकमेचं. सारख्या पट्ट्यांत १३९ आणि १,१२५ सारखेच दिसतात. द्यू बॉइस यांनी ते जाणून प्रत्येक पट्ट्याच्या डावीकडे गटाची प्रत्यक्ष सरासरी लिहिली. पण प्रत्येक गटात कुटुंबं किती, हे पट्ट्यांवरून कळत नाही. दीडशे कुटुंबं सात गटांत विभागल्यावर एखाद्या गटात मोजकीच उरली असणार, आणि मोजक्या कुटुंबांचे टक्के दोन-चार घरांनीही हलतात.

१९१४ साली विलार्ड ब्रिंटन या अमेरिकन अभियंत्याने आलेखांवरच्या आपल्या पुस्तकात भाग दाखवण्यासाठी वर्तुळापेक्षा पट्टा बरा असं ठासून सांगितलं. १९२६-२७ मध्ये अमेरिकन सांख्यिकी नियतकालिकात त्यावर वाद झडला. वॉल्टर ईल्सने प्रयोग करून वर्तुळाची बाजू घेतली, इतर काहींनी पट्ट्याची. वर्तुळ एकच असेल तर हा वाद मला बरोबरीचा वाटतो. पण सात गट एकाखाली एक तोलायचे असतील, तर सात वर्तुळं निरुपयोगी.

आता हे काम एक्सेलमधला 100% Stacked Bar हा पर्याय करतो. स्वतः टक्के काढायचे असतील, तर भागाकार गटाच्या बेरजेने करायचा. गट ओळींत असतील, तर पहिल्या गटासाठी सूत्र असं:

```
=B2/SUM($B2:$F2)
```

इथे चुकून स्तंभाची बेरीज घेतली, तर ‘गरिबांच्या खर्चात अन्न किती’ याऐवजी ‘सगळ्या अन्नखर्चात गरिबांचा हिस्सा किती’ हे उत्तर येतं. ओळ आडवी बेरजून १ येते का, एवढं पाहिलं की चूक सापडते. दुसरी चूक लपून राहते. एका प्रश्नाला अनेक उत्तरं चालत असतील आणि ती ६०, ५० आणि ४० टक्के लोकांनी दिली असतील, तर बेरीज १५० होते. प्रोग्रॅम ती मुकाट शंभरात बसवतो आणि ६० चा पट्टा ४० वर थांबतो. आकडा ६० लिहिलेला आणि तुकडा निम्म्याहून लहान, असं दिसलं तर तिथे हा आलेख वापरायलाच नको होता.

एंगेलचा प्रश्न भारतात आजही विचारला जातो. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये आणि त्यात अन्न ४६ टक्के. शहरी भागात ६,४५९ रुपये आणि अन्न ३९ टक्के. शतमान आलेखात खेड्याचा अन्नाचा तुकडा लांब दिसेल, रुपयांच्या आलेखात शहराचा: खेड्यात सुमारे १,७५० रुपये, शहरात सुमारे २,५३० रुपये.