प्रवेशत्याग : मूळ कागदपत्रे व शुल्काचा परतावा

महाविद्यालयातील प्रवेश विद्यार्थ्याने सोडला असता त्याच्या मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणे आणि भरलेले शुल्क परत करण्यास नकार देणे, या दोन गोष्टी बहुधा एकदमच घडत असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या भिन्न आहेत. कारण शुल्काचा परतावा तारखेवर अवलंबून असतो, पण कागदपत्रे मात्र कोणत्याही थकबाकीस्तव तारण म्हणून ठेवता येत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार महाविद्यालयाने मूळ गुणपत्रिका व दाखले प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यासमक्ष तपासून तत्काळ परत द्यावयाचे असून, दप्तरी केवळ विद्यार्थ्याने स्वसाक्षांकित केलेल्या प्रती ठेवावयाच्या आहेत. शुल्काचे प्रमाण प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपासून मोजतात : तिच्या पंधरा दिवस वा अधिक आधी अर्ज दिल्यास प्रक्रिया-खर्च वजा जाता पूर्ण, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढील पंधरा दिवसांत ८० टक्के, तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे काही नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत मिळते. काही वर्षी आयोग याहून उदार तारखा जाहीर करतो. तंत्रशिक्षणादी व्यावसायिक अभ्यासक्रमांस त्यांचे स्वतंत्र नियम पाहावे लागतात.

समजा, वर्धा येथील, नागपूर विद्यापीठाशी संलग्न अशा एखाद्या महाविद्यालयात साठ हजार रुपये शुल्क भरलेल्या विद्यार्थिनीने, ३१ ऑगस्ट ही अंतिम तारीख असता, १० सप्टेंबरला लेखी अर्ज दिला. तर तिला अठ्ठेचाळीस हजार रुपये व अनामत रक्कम अर्जापासून पंधरा दिवसांत मिळावयास हवी. तिने अर्ज न देता नुसते येणे बंद केले असते, तर मुदत मोजण्यास आधारच उरला नसता. म्हणून आवक क्रमांक व तारखेचा शिक्का असलेली अर्जाची पोच हाच या व्यवहारातील मुख्य पुरावा होय. उरलेल्या वर्षांचे शुल्क भरल्याखेरीज कागद देणार नाही, अशी अट तोंडी सांगितली गेल्यास ती लेखी मागावी.

दाद प्रथम महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे मागावी. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे कागदपत्रे अडकवणे ही स्वतंत्र तक्रार असून, समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. तो अमान्य असल्यास पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. कसूर करणाऱ्या संस्थेची संलग्नता काढून घेण्याची शिफारस करण्यापर्यंत आयोगाचे अधिकार पोहोचतात. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र भरवशाचा नाही. कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शिक्षण ही विक्रेय वस्तू नव्हे असे म्हटले आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० साली तीच भूमिका घेतली. अंतिमतः उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे रिट याचिका करता येते, आणि परताव्याची मुदत टळून गेलेल्या विद्यार्थ्यासही केवळ मूळ कागदांपुरती ती मागणी करता येते.