फ्रँचायझी ‘सुरक्षित’ कोणासाठी?

भंडाऱ्यात 12 लाखांची शिल्लक बाळगणाऱ्या माणसाला हल्ली एकच सल्ला मिळतो: नव्या कल्पनेच्या नादी लागू नका, नावाजलेली फ्रँचायझी घ्या. हा सल्ला अगदीच पोकळ नाही. नाव लोकांच्या ओळखीचे असते, पदार्थ ठरलेले असतात, प्रशिक्षण तयार मिळते. नव्या मालाला गिऱ्हाईक शोधावे लागते आणि ते न मिळाल्याने अनेक धंदे बसतात, हेही खरे. पण यावरून फ्रँचायझीत जोखीम कमी, हे सिद्ध होते काय?

उदाहरणादाखल साकोलीतले एक खाद्यपदार्थाचे दुकान घेऊ. फ्रँचायझी शुल्क 4 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी 72 हजार. 5 टक्के दराने कर आकारणाऱ्या उपाहारगृहाला या कराची वजावट मिळत नाही. तो खिशातूनच जातो. उरलेली रक्कम सजावट, यंत्रे आणि अनामतीत संपते. आता महिन्याची विक्री 2 लाख 40 हजार धरा. कंपनीकडूनच घ्यायचा माल 45 टक्के, रॉयल्टी 6 टक्के आणि तिच्यावरचा कर, शिवाय भाडे, पगार, वीज मिळून 75 हजार. हाती सुमारे 40 हजार उरतात. विक्री चौथ्या हिश्श्याने घटली, तर उरतात जेमतेम 11 हजार. कारण भाडे, पगार, वीज तेवढेच राहतात. शिवाय रॉयल्टी विक्रीवर कापली जाते, नफ्यावर नव्हे. मालक तोट्यात असतानाही कंपनीचा वाटा चालूच राहतो. मग सुरक्षित कोण?

‘धंदा आजमावलेला आहे’, असे म्हणतात. कुठे आजमावला? नागपुरात चाललेले दर साकोलीत चालतील, याचा पुरावा नागपूरची दुकाने देऊ शकत नाहीत. आणि दुकान बंद पडले, तर शुल्क बुडते, सजावट भंगारात जाते.

याउलट आपल्याच जिल्ह्यातला चिन्नोर घ्या. हा सुवासिक तांदूळ, ‘भंडारा चिन्नोर’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेला. कल्पना छोटी आहे: हंगामात खात्रीच्या शेतकऱ्यांकडून धान घ्यायचे, ते धान म्हणूनच साठवायचे आणि मागणी येईल तसे थोडे थोडे भरडून, पाकिटावर गाव व भरडाईची तारीख छापून विकायचे. तांदूळ करून ठेवला की सुवास उतरतो, कीड लागते. अडचणी यातही आहेत. पैसा हंगामात एकदम अडकतो, भेसळीचे धान माथी मारले जाते. म्हणून प्रत्येक खेपेतले मूठभर भरडून, शिजवून पाहावेच लागते. मानांकनाचे नाव वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीही हवी. तरी पहिल्या हंगामात दीड लाख पुरतात. पाकिटे खपली नाहीत, तर उरलेले धान गिरणीवाला थोड्या तोट्याने का होईना, घेतो. सजावटीला असे गिऱ्हाईक कुठे आहे?

दीड लाखांत कल्पना चुकली, हे कळले तरी साडेदहा लाख शाबूत राहतात. फ्रँचायझीत तेच कळेपर्यंत सारे 12 लाख अडकलेले असतात.

तरीही फ्रँचायझीच घ्यायची असेल, तर सही करण्यापूर्वी आपल्याएवढ्याच गावातल्या तीन शाखांची जीएसटी विवरणपत्रे मागा, आणि बंद पडलेल्या शाखांच्या मालकांना स्वतः जाऊन भेटा. कंपनी ही माहिती द्यायला नकार देत असेल, तर पैसे देऊ नका.