बुर्ज, बाब आणि बाबेल

दुबईत पाहुणे आले की त्यांना पहिल्यांदा कुठे नेता? उत्तर ठरलेलं आहे. आणि बुर्ज खलिफाखाली उभं राहून मान मोडेपर्यंत वर पाहताना गावाकडचे आजोबा हमखास म्हणतात, "बुर्ज म्हणजे आपला बुरूजच की!" बरोबरच आहे त्यांचं. प्रतापगडाचा बुरूज आणि दुबईचा बुर्ज हा एकच शब्द. अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत येताना त्याचा उच्चार तेवढा थोडा सैल झाला.

आज मला तुम्हाला एका तिसऱ्या बुरुजाची गोष्ट सांगायची आहे. अरबीत त्याला 'बुर्ज बाबिल' म्हणतात, मराठी बायबलमध्ये त्या गावाचं नाव 'बाबेल' असं येतं. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथाचं वर्षभराचं वाचन शरद ऋतूत नव्याने सुरू होतं आणि दुसऱ्याच आठवड्यात ही गोष्ट येते, म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या आगेमागेच. अलिबाग-पेणकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांनाही ती ओळखीची आहे.

गोष्ट अवघ्या नऊ वचनांची आहे. साऱ्या पृथ्वीवर एकच भाषा होती. माणसं शिनार नावाच्या मैदानात आली. तिथे दगड नव्हते, म्हणून त्यांनी विटा भाजल्या आणि चुन्याऐवजी डांबर वापरलं. ती म्हणाली, आपण एक नगर आणि आभाळाला भिडणारा बुरूज बांधू, आपलं नाव करू, म्हणजे आपली पांगापांग होणार नाही. देव खाली उतरला, त्याने त्यांच्या भाषेत गोंधळ केला आणि त्यांना पृथ्वीभर पांगवलं. नगराचं बांधकाम थांबलं आणि त्याचं नाव बाबेल पडलं. मूळ गोष्टीत बुरूज कोसळतच नाही, हे लक्षात घ्या. वारा सुटला, बुरूज पडला, हे सगळं नंतरच्या सांगणाऱ्यांनी जोडलं.

आता नावातली गंमत. हिब्रू भाषेत 'बालल' म्हणजे मिसळणं, कालवणं, गोंधळ करणं. गोष्ट म्हणते की इथे भाषा कालवल्या गेल्या, म्हणून हे बाबेल. एवढ्यावर ती थांबत नाही. हिब्रूत ब आणि व या उच्चारांना एकच अक्षर आहे. विटेच्या शब्दातली मूळ अक्षरं ल, ब, न. देव जेव्हा "चला, गोंधळ करू" म्हणतो, तेव्हा त्या क्रियापदात न, ब, ल ऐकू येतात. म्हणजे विटेची अक्षरंच उलटी! माणसांनी जे रचलं ते देवाने उलटं फिरवलं, हे शब्दांच्या रचनेतच ऐकू येतं. आणि ज्यांना नाव कमवायचं होतं, त्यांच्या नगराला नाव मिळालं ते 'गोंधळ'.

भाषांतरात ही कोटी टिकत नाही. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी तर या वचनात बाबेल हे नावच काढून टाकलं आणि सरळ 'गोंधळ' या अर्थाचा ग्रीक शब्द ठेवला. मराठीत बाबेल हे नाव तसंच ठेवावं लागतं आणि अर्थ वेगळा समजावून सांगावा लागतो. अरबीत मात्र ती जवळजवळ जिवंत राहते, कारण अरबीत गोंधळाला 'बलबला' म्हणतात. तुमच्या मुलांना कदाचित इंग्रजीतला 'बॅबल' म्हणजे बडबड हा शब्द आठवेल. तो मात्र बाबेलवरून आलेला नाही. तो आपल्या 'बडबड'सारखाच आवाजावरून झालेला शब्द आहे.

पण ज्या शहराची ही थट्टा आहे, त्या शहराचे लोक आपल्या नावाचा अर्थ काय सांगत? ते शहर म्हणजे बाबिलोन, आजच्या इराकमधलं, बगदादच्या दक्षिणेला. तिथल्या अक्कादी भाषेत 'बाब-इली' म्हणजे देवाचं दार. हे इथे वाढलेल्या मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळेल. शाळेत अरबीच्या पहिल्याच धड्यात 'बाब' म्हणजे दार शिकवतात, आणि 'इलाह' म्हणजे देव हेही त्यांच्या कानावर असतं. अक्कादी, हिब्रू आणि अरबी या एकाच कुळातल्या भाषा आहेत.

गंमत अशी, की 'देवाचं दार' हाही बहुधा मूळ अर्थ नव्हे. शहराचं नाव त्याहून जुनं, कुठल्या तरी विसरलेल्या भाषेतलं असावं आणि अक्कादी बोलणाऱ्यांनी त्यात आपल्याला कळेल असा अर्थ ऐकला, असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्या मुंबईचंच पाहा ना. आपण म्हणतो मुंबाआईवरून मुंबई. दुसरे सांगतात, पोर्तुगीजांच्या 'बों बाहिया'वरून, म्हणजे चांगल्या खाडीवरून, बॉम्बे. पण पोर्तुगीजमध्ये खाडी स्त्रीलिंगी आहे, तिथे 'बों' बसत नाही, 'बोआ' हवं. तरी गोष्ट चालते, कारण प्रत्येकाला परक्या नावात आपली भाषा ऐकू येते. बाबेलचंही तसंच. शहरातल्याला त्यात दार ऐकू आलं, आणि बाहेरून आणलेल्याला गोंधळ.

हा बाहेरून आणलेला माणूस कोण? इ.स.पू. ५९७ मध्ये आणि पुन्हा दहा वर्षांनी बाबिलोनच्या नेबुखद्नेझर राजाने जेरुसलेम घेतलं आणि तिथल्या अनेकांना पकडून आपल्या राजधानीत आणलं. बाबिलोनमध्ये तेव्हा एतेमेनान्की नावाचं पायऱ्यापायऱ्यांचं प्रचंड देवालय पुन्हा उभं राहत होतं. त्याच्या तळाची एकेक बाजू सुमारे ९१ मीटर होती. जर्मन उत्खननकारांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तळ सापडला. एका जुन्या मातीच्या पाटीवर उंचीही तेवढीच दिली आहे. बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे, म्हणजे त्याच्या नऊपट. पण सपाट मैदानात, आजूबाजूला सगळी बैठी मातीची घरं असताना, ते देवालय किती दुरून दिसत असेल! राजाच्या लेखात भाजलेल्या विटा आणि डांबर यांचा उल्लेख आहे, अगदी गोष्टीतल्यासारखा. आणि तो अभिमानाने सांगतो की वरच्या समुद्रापासून खालच्या समुद्रापर्यंतच्या लोकांना त्याने या कामाला लावलं. वरचा समुद्र म्हणजे भूमध्य. खालचा समुद्र म्हणजे हेच आखात, ज्याच्या काठावर आपण संध्याकाळी फिरायला जातो.

राजवाड्यातल्या शिधावाटपाच्या पाट्याही सापडल्या आहेत. कुणाला किती तेल दिलं, याची ती नोंद आहे. त्यात जेरुसलेमचा बंदिवान राजा आहे, इजिप्तचे लोक आहेत, फिनिशियातले आणि ग्रीक सुतार आहेत. अशी यादी आपल्याला फार परकी वाटू नये. इथल्या कुठल्याही बांधकामावर मल्याळम, उर्दू, बंगाली, नेपाळी, तगालोग आणि अरबी एकाच वेळी ऐकू येतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की त्यांना पकडून आणलं होतं.

मग त्या गोष्टीतली 'एकच भाषा' आली कुठून? इथे एक जुना लेख फार उपयोगी पडतो. इ.स.पू. आठव्या शतकात अश्शूरचा राजा दुसरा सारगोन याने आपल्यासाठी दूर-शर्रुकीन ही नवी राजधानी बांधायला घेतली. तो लिहवून घेतो की वेगवेगळ्या बोलींच्या, चारी दिशांच्या लोकांना मी आणलं, 'एका तोंडाचं' केलं आणि त्यांना वळण लावायला अश्शूरचे मुकादम नेमले. 'एक तोंड' म्हणजे एक हुकूम. इ.स.पू. ७०५ मध्ये सारगोन लढाईत मारला गेला, त्याच्या मुलाने राजधानी दुसरीकडे हलवली आणि ते नगर अर्धवट राहिलं. काही अभ्यासकांना बाबेलच्या गोष्टीमागे या अर्धवट नगराचीच आठवण दिसते. सगळे हे मानत नाहीत. पण त्या काळच्या जिंकलेल्या माणसाला 'साऱ्यांची एकच भाषा' हे शब्द कसे ऐकू येत असतील, हे त्यातून कळतं. ते सुखाचे दिवस नव्हते. ती मुकादमाची भाषा होती.

आता पांगापांगीकडे पुन्हा पाहू. आपण सहज म्हणतो की अनेक भाषा ही बाबेलची शिक्षा. पण त्याच ग्रंथात या गोष्टीच्या आधीच्या अध्यायात नोहाच्या वंशजांची यादी आहे, देशवार, कुळवार आणि भाषावार, आणि तिथे भाषांच्या अनेकपणाबद्दल एकही दोषाचा शब्द नाही. त्याहीआधी देवाची आज्ञा आहे की पृथ्वी भरून टाका. म्हणजे माणसांना जिची भीती होती, ती पांगापांग त्यांना आधीच सांगून ठेवलेली होती. थांबलं ते एका हुकमाखालचं बांधकाम. माणसं गेली, आणि जाताना आपापली बोली घेऊन गेली.

तरी नुकसान झालंच नाही असं मी म्हणणार नाही. गोष्टीत साफ म्हटलं आहे की शेजाऱ्याला शेजाऱ्याचं बोलणं कळेना. ते दुःख काय असतं, हे व्हिडिओ कॉलवर आजीशी तीन वाक्यांनंतर अडखळणारा नातू आणि इकडे त्याची आई, दोघांनाही माहीत आहे.

पण ज्यांच्या ग्रंथात ही गोष्ट आहे, त्यांच्यातलेच पांगून कोकण किनाऱ्याला लागलेले बेने इस्रायली पाहा. पिढ्यान्‌पिढ्यांत त्यांची घरची भाषा मराठी झाली. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी छापली गेली, हिब्रू आणि तिच्यासोबत मराठी भाषांतर. प्रार्थना एका भाषेत आणि समजणं दुसऱ्या भाषेत, दोन्ही एकाच पुस्तकात, तुमच्या हातातल्या या अंकासारख्याच. पुढे त्यांतले बरेच इस्रायलला गेले आणि तिथे त्यांनी मराठी नियतकालिक काढलं. त्याचं नाव 'मायबोली'. ज्या हिब्रूत बाबेलची कोटी रचली गेली, त्या हिब्रूच्या देशात पांगलेल्यांनी मराठी नेली.

म्हणून यंदा फराळाला सगळे जमले की एक करून पाहा. मुलांना विचारा, बाबिलोन या नावात अरबीतलं कोणतं दार लपलं आहे. आणि आजोबांना सांगू द्या, बुर्ज म्हणजे बुरूज कसा. गोष्टीचा अर्धा भाग एका पिढीकडे आहे, अर्धा दुसरीकडे. पूर्ण गोष्ट एकट्याला सांगता येणार नाही.