औषधवैद्यकशास्त्र, पहिला मजला

मागच्या महिन्यात काकूबरोबर पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. मी गाडी लावून येईपर्यंत काकू चिठ्ठी घेऊन पुढे गेली. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात 'मेडिसिन ओपीडी, फर्स्ट फ्लोअर'. दारातल्या फलकावर 'औषधवैद्यकशास्त्र बाह्यरुग्ण विभाग, पहिला मजला'. काकूने त्यातलं 'औषध' तेवढं वाचलं आणि तळमजल्यावर औषधं मिळतात त्या रांगेत पाऊण तास उभी राहिली. तोवर केसपेपरची खिडकी बंद! दुसऱ्या दिवशी परत हेलपाटा.

आता गंमत अशी, की फलकात एकही चूक नव्हती. 'मेडिसिन' या विषयाचं सरकारी मराठी नाव 'औषधवैद्यकशास्त्र' असंच आहे. मग घोळ कुठे झाला? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय सुरू झालं. पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. कारभार मराठीत करायचा तर पदांना, खात्यांना आणि विषयांना नावं हवीत. म्हणून आधी 'पदनाम कोश' आणि पुढे एकेका शास्त्राचे परिभाषा कोश तयार झाले. शब्द बहुतेक संस्कृतातून घडवले. पॅथॉलॉजीचं विकृतिशास्त्र झालं, अ‍ॅनस्थेशियाचं बधिरीकरणशास्त्र आणि ऑर्थोपेडिक्सचं अस्थिव्यंगोपचार. फायलीसाठी आणि प्राध्यापकाच्या पदासाठी हे उत्तमच, कारण तिथे एका विषयाला एकच पक्कं नाव लागतं.

पुढे तेच शब्द जसेच्या तसे भिंतीवर चढले, आणि माझ्या मते घोळ तिथेच झाला. फाईल वाचणाऱ्याला विषय हवा असतो, तर भिंत वाचणाऱ्याचं काहीतरी काम असतं. रक्त द्यायला आलेला माणूस 'विकृतिशास्त्र' शोधतच नाही. त्याउलट 'कान-नाक-घसा' बघा, तिथे कोणी चुकत नाही, कारण त्यात शास्त्राचं नाव नाही, दुखणाऱ्या जागेचं आहे. 'अतिदक्षता' हा घडवलेलाच शब्द, पण वापरून वापरून रुळला. म्हणजे नवा शब्द चालतच नाही असं नाही. मात्र पहिल्यांदा आलेल्या माणसाला तो रुळेपर्यंत थांबायला वेळ नसतो.

आता लिफ्ट. (कायद्याच्या मराठीत 'उद्वाहन'. असो.) इथे भाषांतर सोपं वाटतं, कारण नुसते आकडे. पण आपल्याकडे मजले मोजायच्या दोन रीती आहेत. 'दुमजली घर' म्हणताना आपण तळमजला धरतो, आणि 'पहिला मजला' म्हणताना इंग्रजांसारखा सोडतो. म्हणून 'अकरा मजली इमारत' एवढंच ऐकून लिफ्टमधलं शेवटचं बटण दहा की अकरा, हे सांगता येत नाही. त्यात अमेरिकन पद्धतीचं पॅनेल असेल तर तळमजल्यालाच एक नंबर! फलकावर 'पहिला मजला' वाचून माणूस एकचं बटण दाबतो आणि दार उघडतं ते होता तिथेच.

शिवाय बटणावर नुसतं 'त' लिहिलं तर तळमजला की तळघर? दोन्ही पूर्ण लिहावेत, हे बरं. अंकांचंही तसंच. मराठी न येणाऱ्याला १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ५ चारासारखा. फलकावर मराठी अंक आणि बटणावर इंग्रजी असतील तर फलकावर दोन्ही शेजारी शेजारी हवेत.

मग काकूसाठी ती ओळ कशी लिहायची? मी कागदावर अशी मांडली: सर्वात आधी मजला, बटणावर आहे अगदी तसाच. मग मोठ्या अक्षरात काम: 'ताप, बीपी, शुगर: डॉक्टरांची तपासणी'. त्याखाली चिठ्ठीवर असतं ते, 'मेडिसिन ओपीडी', देवनागरीत आणि इंग्रजीत. औषधवैद्यकशास्त्र सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात. औषधं मिळतात त्या खिडकीवर 'औषधे येथे मिळतील'. लिफ्टमध्ये प्रत्येक बटणाशेजारी तीच कामं, त्याच शब्दांत. फलकावर एक शब्द आणि लिफ्टमध्ये दुसरा असेल तर माणूस दार बंद होता होता अडखळतो.

यालाही मर्यादा आहे. 'पोटात दुखतं' म्हणून आलेला माणूस मेडिसिनचा, सर्जरीचा की स्त्रीरोगचा, हे कुठलाही फलक ठरवू शकत नाही. तिथे चौकशीच्या खिडकीत माणूसच लागतो.

आणि फलक जमला का, हे तपासताना 'समजलं का?' असं विचारू नये. लोक सरळ 'हो' म्हणतात. चिठ्ठी हातात द्यावी आणि कुठलं बटण दाबतात ते बघावं. काकूलाही फलक 'समजला'च होता.