कांदा-लसूण आणि पोटातील वायू
कांदा व लसणातील फ्रुक्टन ही फ्रुक्टोज शर्करेची साखळी आहे. ती तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते, त्यामुळे फ्रुक्टन न पचता मोठ्या आतड्यात जाते. तेथील जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार होतात. हे सर्वांच्याच पोटात घडते. आतडे संवेदनशील असलेल्यांना मात्र फुगारा व कळ जाणवते. रायगडातील अलिबागचा पांढरा कांदा (भौगोलिक मानांकन, 2022) कमी तिखट असला, तरी फ्रुक्टनमुक्त नाही.

छातीतील जळजळ वेगळी: कच्च्या कांद्याने काहींचे जठराम्ल अन्ननलिकेत चढते. ती जेवणानंतर लवकर होते, वायू काही तासांनी.

फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून तेलात परतून काढलेल्या लसणाची फोडणी सोसते. आमटीत उकळलेल्या पाकळ्या काढून मात्र उपयोग होत नाही.