संमती, दांपत्यातील

संमती, दांपत्यातील : विवाहित किंवा दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या जोडीदाराने शरीरसंबंधास दिलेली, प्रत्येक प्रसंगापुरती असलेली आणि केव्हाही, संबंध सुरू झाल्यानंतरदेखील, मागे घेता येणारी अनुमती. लग्नाला दिलेला होकार आणि सहवासाला दिलेला होकार या वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु मराठीतील ‘नांदणे’ हे क्रियापद सासरचे वास्तव्य, घरकाम आणि शय्या या तिन्ही गोष्टी एकत्रच सांगते, त्यामुळे नांदायला गेलेल्या स्त्रीला यांपैकी कशाबद्दल वेगळे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. या न विचारण्यालाच ‘गृहीत धरणे’ म्हणतात. गप्प राहणे, भांडण टाळण्यासाठी मान तुकवणे किंवा पूर्वी अनेकदा दिलेला होकार हे तिथे संमतीच्या जागी येऊन बसतात.

विवाहातील संमती कायमची असते हे मत कायद्याच्या भाषेत मांडले गेले ते इंग्लंडात. न्यायाधीश मॅथ्यू हेल यांच्या 1736 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पत्नीने विवाहकराराने स्वतःला पतीच्या स्वाधीन केलेले असल्याने तिला ती संमती परत घेता येत नाही, असे म्हटले होते. तेथील सर्वोच्च न्यायपीठाने हा विचार 1991 साली निकालात काढला. हिंदू विवाह मात्र करार नव्हे तर संस्कार मानला जाई, आणि बालविवाहात वधूने स्वतः काही दिलेलेच नसे, कारण दान करणारा पिता असे. मग मागे घ्यायची ती संमती मुळात दिली कोणी, हा प्रश्न मुंबईच्या रखमाबाईंच्या खटल्यात उभा राहिला.

रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला, परंतु त्या नांदायला कधी गेल्याच नाहीत. दादाजींनी 1884 साली दांपत्य हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे सोबत राहण्यास भाग पाडण्याचा, दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 साली तो फेटाळला. कधीच सुरू न झालेल्या सहवासाची पुनःस्थापना कसली, असा त्यांचा रोख होता, आणि अनिच्छुक तरुणीला पुरुषाच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलात हा निकाल उलटला व मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली.

रखमाबाईंविरुद्ध हुकूम झाला त्याच 1887 सालच्या डिसेंबरात मद्रासला सुधारकांच्या सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तिचे अध्यक्ष सर टी. माधवराव आणि तिच्या कामात पुढे असलेले दिवाणबहादूर रघुनाथराव हे दोघेही कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले होते. कावेरीकाठच्या अशा घरांत लग्न दोन टप्प्यांत होई : लहानपणी कन्यादान आणि ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान, ज्याचा दिवस वडीलधारे व ज्योतिषी ठरवत. त्या काळच्या सुधारकांनी या दुसऱ्या टप्प्याचे वय वाढवण्याचा आग्रह धरला, आणि 1891 च्या कायद्याने ते दहावरून बारा झाले. त्या कायद्याला ‘संमतिवयाचा’ म्हणतात खरे. पण वय पूर्ण झालेल्या पत्नीला ‘नाही’ म्हणता येईल का, हे त्या वादात फारसे कोणी विचारले नाही.

भारतीय कायद्यात ही फट अजून आहे. संमतीची 2013 साली घातलेली व्याख्या शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य रीतीने ‘त्या विशिष्ट कृतीस’ दर्शवलेली निःसंदिग्ध व स्वेच्छेची तयारी अशी असून, शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानू नये, असेही तीत सांगितले आहे. म्हणजे संमती कृतीगणिक असते हे तत्त्व तिला मान्य आहे. तरीही पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर पतीची कृती बलात्कार ठरत नाही, हा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये कायम आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे 2022 साली त्यावर परस्परविरोधी निकाल झाले. कौटुंबिक हिंसाचार कायदा (2005) लैंगिक छळाची दाद दिवाणी स्वरूपात देतो, तर विभक्त राहणाऱ्या पत्नीशी तिच्या संमतीविना केलेला संबंध कलम 67 खाली गुन्हा ठरतो. त्यामुळे पत्नीने तोच नकार माहेरी राहून दिला तर फौजदारी कायदा ऐकतो, सासरच्या खोलीत दिला तर नाही.