वाळूची फुगवण आणि बांधकाम मालातील तूट

ओलसर वाळू कोरड्या वाळूपेक्षा जास्त जागा व्यापते. या गुणधर्माला वाळूची फुगवण म्हणतात. साइटवर ‘बल्किंग’ हा शब्द रूढ आहे. मालाची तूट, म्हणजे वेस्टेज, ही वेगळी बाब आहे. तुटीत माल आलेला असतो आणि फुटून, सांडून किंवा कापून वाया जातो. फुगवणीत काहीच वाया जात नाही, कारण ती वाळू मुळात गाडीत आलेलीच नसते. अंदाजपत्रकात सगळ्या मालावर सरसकट १० टक्के जास्त धरण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी एकाच खात्यात टाकते. त्यामुळे वाळू कमी पडते आणि सिमेंट का संपले याचा उलगडा होत नाही.

महाराष्ट्रात वाळू ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर. हे माप आकारमानाचे आहे, वजनाचे नाही, म्हणून फुगवणीचा प्रश्न थेट खरेदीदाराच्या खिशाशी येतो.

वाळूत थोडे पाणी शिरले की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो. या थराच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून राहतात, पण नीट खाली बसत नाहीत आणि मधल्या पोकळ्या वाढतात. वजनाच्या साधारण ५ टक्के ओलावा असताना फुगवण सर्वांत जास्त असते. मध्यम वाळू तेव्हा २५ ते ३० टक्के फुगते. बारीक वाळूत कणांचा एकूण पृष्ठभाग मोठा असल्याने ती ४० टक्क्यांपर्यंतही जाते, तर भरड वाळू त्यामानाने कमी फुगते. पाणी आणखी वाढत गेले की थर मोडतो, कण पुन्हा खाली बसतात आणि पूर्ण बुडालेली वाळू जवळपास कोरड्या वाळूइतकीच जागा घेते. त्यामुळे वाळू जितकी ओली तितकी जास्त फुगलेली, हा समज चुकीचा आहे. पाणी ठिबकणारी वाळू कमी फसवते. हाताला नुसती दमट लागणारी, मूठ वळली तर गोळा धरणारी वाळू सर्वांत जास्त फसवते. दगड फोडून केलेली क्रश सँडही फुगते. धुऊन आणलेली असेल तर ती ओलीच येते, आणि निथळता निथळता याच फसव्या टप्प्यातून जाते.

फुगवण मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. २५० मिलिलिटरचे मापाचे उभे नळकांडे घेऊन त्यात ओलसर वाळू २०० च्या खुणेपर्यंत सैल भरावी, दाबू नये. मग ती बाहेर काढून नळकांड्यात पाणी घ्यावे, वाळू हळूहळू परत सोडावी, नीट ढवळून बसू द्यावी आणि नवी पातळी वाचावी. समजा वाळू १६० वर बसली. २०० ला १६० ने भागले की १.२५ येतात, म्हणजे फुगवण २५ टक्के. ढिगाच्या वरच्या थरातली वाळू उन्हाने सुकलेली असते, तेव्हा नमुना आतून आणि दोन-तीन ठिकाणांहून घ्यावा. पाऊस पडून गेल्यावर चाचणी पुन्हा करावी. सकाळचा आकडा संध्याकाळी लागू पडेलच असे नाही.

आता हिशोबातली नेहमीची चूक. फुगवण २५ टक्के आहे म्हणजे एका ब्रासमधून २५ घनफूट वजा करून ७५ धरायचे, असे अनेक जण करतात. टक्केवारी मूळ वाळूवर काढलेली आहे, गाडीतल्या मापावर नाही. १०० घनफूट ओलसर वाळूत १०० भागिले १.२५, म्हणजे ८० घनफूट वाळू असते. उलट बाजूने पाहिले तर ३ ब्रास कोरड्या वाळूची गरज असेल, तर पावणेचार ब्रास ओलसर वाळू मागवावी लागते.

एक काम घेऊन हे पाहू. १२ घनमीटर वीटकाम आहे, मसाला १:६. प्रति घनमीटर पाव घनमीटर तयार मसाला धरला तर एकूण ३ घनमीटर मसाला लागेल. कोरडा माल पाणी घातल्यावर बसतो, म्हणून तयार मसाल्याच्या १.३ पट कोरडा माल धरतात: ३.९ घनमीटर. त्याचे सात भाग केले की सिमेंट ०.५६ घनमीटर, म्हणजे १६ गोण्या (५० किलोची गोणी ३५ लिटर धरून), आणि वाळू ३.३४ घनमीटर, म्हणजे सुमारे १.१८ ब्रास. २५ टक्के फुगवण लावली की मागणी दीड ब्रासच्या आसपास जाते. सांडणे आणि जमिनीत मिसळणे यासाठीची तूट त्यावर वेगळी धरायची.

मागणी बरोबर केली तरी मिश्रण करताना फुगवण विसरली तर दुसरा फटका बसतो. ३५ लिटरच्या फर्म्याने गोणीला सहा फर्मे मोजणारा मजूर नियमाप्रमाणेच वागतो, पण त्या सहा फर्म्यांत वाळू भरते ४.८ फर्मे. मसाला १:६ ऐवजी १:४.८ होतो आणि वरच्या कामाला १६ गोण्यांच्या जागी १९ हून अधिक गोण्या जातात. उपाय सोपा आहे: गोणीला साडेसात फर्मे ओलसर वाळू घ्यायची. गिलाव्यात जास्त सिमेंटने आकुंचन वाढते आणि केसासारख्या भेगा दिसू लागतात. काँक्रीटमध्ये वाळू कमी पडली की खडीमधल्या पोकळ्या भरत नाहीत, आणि फळ्या काढल्यावर कॉलमच्या पायथ्याशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाळ पृष्ठभाग दिसतो. म्हणूनच भारतीय मानक आयएस ४५६ मोजमापी मिश्रणातही फुगवणीची भर घालायला सांगते.

वजनावर वाळू घेतली तर ही अडचण बरीच आटोक्यात येते. ५ टक्के ओलाव्यात आकारमानाची चूक पंचवीस टक्क्यांच्या घरात जाते, पण काट्यावरची चूक पाण्याच्या वजनाएवढी, म्हणजे पाचच टक्क्यांच्या आसपास राहते. शक्य असेल तिथे टनावर खरेदी करावी, हे स्पष्ट सांगायला हवे. मात्र ते पाणी मिश्रणात येते हे विसरू नये. ११० किलो वाळूत ५ टक्क्यांनी साडेपाच लिटर पाणी आधीच असते. गोणीला २५ लिटर पाणी ठरले असेल तर त्यातून तेवढे कमी करावे लागते. ब्रासवरच घ्यायची असेल तर गाडी साइटवर आल्यावर वाळू सपाट करून, खोली चार-पाच ठिकाणी घेऊन मोजावी. रस्त्यातल्या हादऱ्यांनी वाळू दबते, त्यामुळे भरतानाचे आणि उतरवतानाचे माप जुळत नाही.

वाळूची खरी तूट ढिगाच्या तळाशी होते. मोकळ्या मातीवर टाकलेल्या ढिगाचा शेवटचा थर मातीत मिसळून निकामी होतो. गिलाव्याच्या वाळूत चाळणीवर राहणारे गोटे आणि शिंपले हेही तुटीतच मोडतात. सर्वसाधारणपणे ५ ते १० टक्के धरतात. खाली फरशी किंवा पत्रा असेल तर खालचा आकडा पुरतो.

विटांचा हिशोब तुलनेने सरळ आहे. १९० × ९० × ९० मिलिमीटरच्या प्रमाण विटा सांध्यांसह घनमीटरला ५०० बसतात, म्हणजे वरच्या कामाला ६,०००, आणि ५ टक्के फूट धरून ६,३००. गावभट्टीच्या विटा मात्र एकाच मापाच्या नसतात. २० विटा ओळीत टोकाला टोक लावून मांडाव्यात, सरासरी लांबी काढावी आणि मगच संख्या ठरवावी. वीट लहान असेल तर संख्या वाढते आणि सांधे वाढल्यामुळे मसालाही वाढतो. अर्ध्या विटा कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या कडांना लागतातच, त्यामुळे सरळ मधोमध तुटलेली वीट पूर्ण वाया गेली असे होत नाही.

टाइल्समध्ये तूट टक्क्यांवरून ठरवणे सर्वांत धोक्याचे, कारण ती खोलीच्या मापावर आणि मांडणीवर अवलंबून असते. ३.७ × ३.१ मीटरची खोली आणि ६०० × ६०० मिलिमीटरची टाइल घ्या. सांधे सोडून दिले तर क्षेत्रफळाने ३२ टाइल्स पुरतात. कोपऱ्यातून सुरुवात केली तर ३० पूर्ण टाइल्स बसतात आणि दोन भिंतींलगत १० सेंटिमीटरची पट्टी उरते. एका टाइलमधून अशा चार-पाच पट्ट्या निघतात, तेव्हा ३३ टाइल्समध्ये काम होते. पण ती बारीक पट्टी डोळ्यात खुपते. म्हणून चांगला कारागीर मांडणी मध्यावर घेतो आणि चारही बाजूंना ३५ सेंटिमीटरचा तुकडा ठेवतो. आता अडचण अशी, की ६० सेंटिमीटरच्या टाइलमधून ३५ चा एकच तुकडा निघतो. सात रांगा गुणिले सहा, म्हणजे ४२ टाइल्स लागतात. तीच खोली, तीच टाइल, पण क्षेत्रफळापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त.

हे कळल्यावर उरलेल्या २५ सेंटिमीटरच्या तुकड्यांकडे लक्ष जाते. प्रत्येकातून १० सेंटिमीटर उंचीच्या दोन स्कर्टिंगच्या पट्ट्या निघतात. दरवाजा सोडून या खोलीला १२.७ मीटर, म्हणजे २२ पट्ट्या लागतील. बाजूंच्या १८ तुकड्यांतून ३६ मिळतात. कंपनीची सरळ कड एकाच पट्टीला येते, दुसरीची कड घासून घ्यावी लागते. चार टाइल्सच्या पेटीने घेतल्यास ११ पेट्या येतात आणि दोन टाइल्स शिल्लक राहतात. फूट आणि पुढची दुरुस्ती यांसाठी आणखी एक पेटी त्याच वेळी घ्यावी, कारण नंतरच्या बॅचची छटा जुळेल याची खात्री नसते. तिरकी मांडणी असेल तर १० ते १५ टक्के धरतात. तिथेही कागदावर चौकटी आखून मोजणे अधिक भरवशाचे.

सळईत तूट कापण्यातून येते. सळया साधारण १२ मीटर लांबीच्या येतात. ३.६ मीटरचे तुकडे हवे असतील तर एकीतून तीन निघतात आणि १.२ मीटर, म्हणजे १० टक्के, उरते. ०.९ मीटर रुंद खिडकीवरच्या लिंटेलला दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर टेकण धरून एकूण लांबी १.२ मीटरच होते. १२ मिलिमीटरचे हे उरलेले तुकडे कव्हरपुरते कापून तिथे जातात, त्याहून लहान असतील ते स्लॅबच्या खुर्च्यांना. फिटरला कापणीची यादी आधी दिली तर ३ टक्क्यांच्या आत भंगार राहते. यादी नसेल तर तो समोर दिसेल त्या सळईवर करवत लावतो.

लोखंड वजनावर विकत घेतात आणि कामात लांबीने वापरतात, त्यामुळे इथेही न आलेल्या मालाचा प्रश्न आहे. १२ मिलिमीटर सळईचे ठरलेले वजन मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे टनात १,१२६ मीटर. आयएस १७८६ या मानकानुसार १० पेक्षा जास्त आणि १६ पर्यंतच्या व्यासाला ५ टक्के कमी-जास्त वजन चालते. सळई ३ टक्के जड आली तर टनामागे ३३ मीटर, जवळपास तीन सळया कमी मिळतात, आणि त्यात नियमभंग काहीच नसतो. गाडी उतरवताना प्रत्येक व्यासाचा मीटरभर तुकडा कापून तोलावा, सळया मोजाव्यात आणि येणारी लांबी यादीतल्या लांबीशी ताडून पाहावी. लॅप, खुर्च्या आणि वळवलेली टोके हा तुटीचा भाग नसून कामाचा भाग आहे. ते मूळ यादीतच मोजलेले असावे.